ऐंशी खोल्या, पण कोणत्या रात्री?

"गोव्यात आमची डीलर कॉन्फरन्स आहे. दीडशे माणसं, ऐंशी खोल्या, तीन रात्री. बेस्ट रेट उद्यापर्यंत कळवा." अशा तीन वाक्यांच्या मेल हॉटेलांच्या सेल्स विभागात नेहमीच येतात. त्यांना उत्तरही मिळतं, पण ते बहुधा छापील दरपत्रकाच्या जवळपासचं असतं. ज्या मेलमधून नेमकं काही कळत नाही, तिच्यासाठी सेल्स मॅनेजर वरिष्ठांकडे सवलत मागायला जात नाही.

परिषदेसाठी एकगठ्ठा खोल्या राखून ठेवण्याला या धंद्यात 'रूम ब्लॉक' म्हणतात आणि त्यासाठी दर मागवणाऱ्या पत्राला 'आरएफपी'. हॉटेलवाला हे पत्र वाचताना माणसं मोजत नाही, 'रूम नाइट' मोजतो. एक खोली एका रात्रीसाठी गेली की एक रूम नाइट. आज रात्री रिकामी राहिलेली खोली उद्या दुप्पट भावानं विकता येत नाही, ती रात्र बुडालीच. म्हणून कोणत्या रात्री किती खोल्या लागणार, हे त्याला आधी हवं असतं.

उदाहरणासाठी पुण्यातली पंप बनवणारी एक कंपनी घेऊ. शुक्रवार आणि शनिवार परिषद आहे. 140 डीलर, दोघांत एक खोली, म्हणजे 70 खोल्या. कंपनीची दहा माणसं स्वतंत्र खोल्यांत. झाल्या ऐंशी. पण गुरुवारी रात्री स्टेज आणि नोंदणीची तयारी करायला फक्त ही दहा माणसंच पोचणार आहेत. रविवारी सकाळी बहुतेक जण निघतील, पण काही डीलर समुद्र बघायला एक रात्र जास्त राहतील, त्यांच्यासाठी पंधरा खोल्या. तर खरा हिशोब असा: गुरुवार 10, शुक्रवार 80, शनिवार 80, रविवार 15. एकूण 185 रूम नाइट. पहिल्या मेलप्रमाणे ऐंशी खोल्या तीन रात्री धरल्या तर होतात 240.

हा फरक कागदावरच राहिला असता तर बिघडलं नसतं. पण करारात 'अॅट्रिशन' नावाचं कलम असतं. मागितलेल्या खोल्यांपैकी ठरावीक टक्के वापरल्याच पाहिजेत, कमी पडल्या तर त्यांचे पैसे भरायचे. समजा ही अट 80 टक्क्यांची आहे आणि दर 7,000 रुपये. 240 च्या 80 टक्के म्हणजे 192. गुरुवार ते शनिवार प्रत्यक्ष वापरल्या 170. बावीस कमी पडल्या, म्हणजे 1,54,000 रुपये कोणी न झोपलेल्या खोल्यांचे.

हेच कलम एकूण रात्रींवर न लावता प्रत्येक रात्रीवर वेगळं लावलं, तर दुखणं आणखी वाढतं. गुरुवारी किमान 64 खोल्या हव्यात, वापरल्या दहा. चोपन्न खोल्यांचे 3,78,000 रुपये. आणि रविवारच्या पंधरा खोल्या ब्लॉकमध्ये नसल्यामुळे त्यांना त्या दिवशीचा चालू भाव लागणार, तो वेगळाच. याउलट रात्रवार तक्ता दिला असता, तर शुक्रवार-शनिवारच्या बारा खोल्या गळूनही दोन्ही रात्री 68 भरल्या असत्या. प्रत्येक रात्रीची अट धरली तरी किमान 64 च लागतात. दंड शून्य.

म्हणून आरएफपीत विचारायचं ते सरळ: अट किती टक्क्यांची, ती एकूण रूम नाइटवर की रोजच्या रोज, आणि कोणत्या तारखेपर्यंत दंडाशिवाय खोल्या कमी करता येतील? पाहुण्यांच्या नावांची यादी, म्हणजे 'रूमिंग लिस्ट', कधी द्यायची आणि ती दिल्यानंतर नावं बदलता येतील का, हेही त्याच परिच्छेदात. डीलर ऐन वेळी स्वतःऐवजी भावाला पाठवतो, हे कंपनीला ठाऊक असतं, पण हॉटेलला नसतं.

मग येतो दर. एक हॉटेल लिहितं 7,400, दुसरं 6,800. दुसरं स्वस्त वाटतं. पण पहिल्याचा दर नाश्त्यासह आहे, दुसऱ्याचा नुसत्या खोलीचा. तिथे नाश्ता माणशी 600 असेल, तर दोघांच्या खोलीला 1,200 वाढले आणि दर झाला 8,000. हॉटेलच्या भाषेत नुसती खोली म्हणजे 'ईपी', नाश्त्यासह 'सीपी', नाश्ता आणि एक जेवण 'एमएपी', सगळी जेवणं 'एपी'. सगळ्या हॉटेलांना एकाच योजनेचा, दोन माणसांच्या खोलीचा दर विचारला, तरच उत्तरं शेजारी शेजारी ठेवून बघता येतात.

करातही एक पायरी आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून रोज 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर 5 टक्के जीएसटी लागतो, त्यावरच्या खोलीवर 18 टक्के. त्यामुळे 7,400 ची खोली करासह 7,770 ला पडते आणि 7,600 ची 8,968 ला. दरातला फरक दोनशेचा, खिशातला 1,198 चा. "अठरा टक्क्यांवर तुम्हाला क्रेडिट मिळेल," असं सेल्स मॅनेजर सांगेल. ते पुण्याच्या कंपनीला सहसा लागू पडत नाही. खोलीवरचा कर हॉटेल ज्या राज्यात आहे तिथला असतो. गोव्याच्या बिलावर केंद्राचा आणि गोव्याचा जीएसटी लागतो, आणि फक्त महाराष्ट्रात नोंदणी असलेल्या कंपनीला त्याचं क्रेडिट घेता येत नाही. म्हणून मूळ दर आणि कर वेगवेगळे मागवायचे, आणि दर 7,500 च्या थोडा वर असेल तर आधी तोच खाली आणायचा.

घासाघीस करताना सर्वांत जास्त कामाला येते ती तारीख. गोव्याची हॉटेलं शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या पर्यटकांनी भरतात आणि सोमवारपासून ओसरतात. हिंजवडीतल्या हॉटेलचं उलट असतं: आठवडाभर कंपन्यांची माणसं, शनिवारी शुकशुकाट. त्यामुळे गोव्याला पाठवायच्या मेलमध्ये "सोमवार-मंगळवारही चालेल" हे एक वाक्य असलं, तर दर मागायला बळ येतं. मात्र डिसेंबरचा शेवटचा आठवडा मागितला, तर हे बळ उरत नाही.

आता पंप कंपनीची मेल पुन्हा लिहिली तर अशी होते:

"परिषद शुक्रवार-शनिवार, पर्याय सोमवार-मंगळवार. खोल्या: पहिल्या रात्री 10, मग 80, 80 आणि शेवटी 15. सत्तर खोल्यांत वेगवेगळे दोन पलंग हवेत. दर नाश्त्यासह, कर वेगळा दाखवून. 150 जणांचं सभागृह दोन दिवस, त्याचं भाडं वेगळं लिहावं. अॅट्रिशनची अट, खोल्या कमी करण्याच्या तारखा, आगाऊ रक्कम आणि रद्द केल्यास होणारा खर्च कळवावा. उत्तर दहा दिवसांत हवं, त्यानंतरच्या आठवड्यात आम्ही निर्णय घेऊ."

यातलं 'वेगवेगळे दोन पलंग' हे वाक्य विसरलं, तर हॉटेल डबलबेडच्या खोल्या धरून दर पाठवतं. आणि गुरुवारी संध्याकाळी, डीलर यायच्या आदल्या रात्री, कंपनीची दहा माणसं रिसेप्शनवर सत्तर खोल्यांची यादी घेऊन उभी राहतात: सांगलीचे काका आणि नांदेडचे साहेब एकाच पलंगावर झोपतील का, याचा विचार करत.