दर शब्दाचा, हिशेब तासाचा

इंग्रजीतून मराठीत अनुवाद करणाऱ्यांचा व्यवहार शब्दावर चालतो. जास्त दर देणारं काम फायद्याचं, असंच आपण धरून चालतो. हे खरं आहे का, ते पाहण्यासाठी जून महिनाभर मी प्रत्येक कामाची वेळ लिहून ठेवली.

पद्धत साधी होती. एक्सेलच्या तक्त्यात तारीख, काम, कामाचा प्रकार आणि मिनिटं. नोंद काम थांबवताच करायची, कारण रात्री आठवून लिहिलं की फोन आणि मेल हमखास गळतात. प्रकार तीन: प्रत्यक्ष अनुवाद, दुरुस्त्या आणि बाकीचं, म्हणजे बोलणी, फाइल लावणं, बिल, पैशांची आठवण.

महिनाअखेरीस दोन कामं शेजारी ठेवली. एक गृहप्रकल्पाचं माहितीपत्रक, १,५०० शब्द, दर ३ रुपये, म्हणजे ४,५०० रुपये. दुसरी यंत्राची वापरपुस्तिका, ६,००० शब्द, दर दीड रुपया, म्हणजे ९,००० रुपये.

माहितीपत्रकाचा अनुवाद ५ तासांत झाला. तेवढंच मोजलं तर तासाला ९०० रुपये पडतात. पण पुढे विक्री विभाग, जाहिरातवाले आणि मालक यांनी वेगवेगळ्या दिवशी दुरुस्त्या पाठवल्या. एकाने बदललेला शब्द दुसऱ्याने परत आणला. डीटीपीत युनिकोड मजकूर जुन्या फॉन्टमध्ये नेताना जोडाक्षरं मोडली, त्यामुळे सगळी प्रुफं पुन्हा वाचावी लागली. एकूण १२ तास झाले आणि तासाचे ३७५ रुपये उरले. वापरपुस्तिकेत तीच वाक्यं पुन्हा पुन्हा येत होती आणि आधीचे अनुवाद साठवणारं सॉफ्टवेअर ती समोर आणून देत होतं. शंका विचारायला एकच अभियंता होता. सगळं मिळून १५ तास लागले, तासाला ६०० रुपये.

म्हणजे वेळ खाल्ला तो कठीण मजकुराने नव्हे. मजकुरावर शेवटचा शब्द कोणाचा, हे न ठरलेल्या कामाने खाल्ला. ओळखण्याची खूण तक्त्यातच होती: दुरुस्त्या आणि बाकीचं मिळून अनुवादापेक्षा जास्त वेळ गेला, की शब्दाचा दर कितीही असो, तासाचा दर कोसळतो.

एका महिन्याच्या नोंदींना मर्यादाही आहेत. पुस्तकाचं काम महिन्यात पुरं होत नाही, त्यामुळे त्याचा तासाचा दर अजून काढता येत नाही. दुसऱ्या महिन्यांतल्या कामांचं चित्र जूनमध्ये दिसणार नाही. आणि एकाच माहितीपत्रकावरून सगळ्याच जाहिरातींची कामं नाकारणं चुकीचं ठरेल.

म्हणून जाहिरातींची कामं सोडलेली नाहीत, अटी बदलल्या. आता दरपत्रकात लिहिलेलं असतं: दुरुस्त्या एकाच व्यक्तीने एकत्र करून पाठवाव्यात, एक फेरी दरात धरलेली, पुढची तासाप्रमाणे, डीटीपीनंतरच्या प्रुफांचे पैसे वेगळे. तासाचा आकडाही आता अंदाजाचा राहिलेला नाही. तो याच तक्त्यातून घेतला आहे.