ज्वाळेआधी धूर मारतो

घराला आग लागली की आपण ज्वाळांना भितो. पण पुष्कळ बळी धुरानेच जातात. २९ डिसेंबर २०१७ रोजी मध्यरात्रीनंतर मुंबईच्या कमला मिल आवारातील आगीत १४ जण दगावले. त्यांतील बरेच जण आसऱ्यासाठी स्वच्छतागृहात शिरले आणि तेथेच गुदमरले.

धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. तो रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोके जड होते, पाय लटपटतात, माणूस दाराशीच कोसळतो. फोमची गादी जळाल्यास हायड्रोजन सायनाइडही निघतो.

तापलेला धूर आधी छताशी साठतो. जमिनीलगत थोडा वेळच बरी हवा उरते. म्हणून आम्ही सांगतो, रांगत थेट बाहेर पडावे. ओला रुमाल हे वायू अडवत नाही. सामानासाठी मागे फिरू नये.