अध्यक्षांनी तोटा आपल्या नावावर घेतला तेव्हा

कंपनीच्या वार्षिक अहवालाची सुरुवातीची पाने अध्यक्षांच्या निवेदनाची असतात. आपल्याकडे सर्वसाधारण सभेच्या आधी हा अहवाल ईमेलने येतो आणि बहुतेक भागधारक लाभांशाचा आकडा पाहून तो बंद करतात. वर्ष वाईट गेले असेल तर हीच पाने सर्वांत काळजीपूर्वक वाचायला हवीत. हिशेब लेखापरीक्षक तपासतात. ते आकडे का बिघडले, हे मात्र अध्यक्षांनाच सांगावे लागते. ते कसे सांगावे, याचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा नमुना म्हणजे अमेरिकेतील बर्कशायर हॅथवेचे अध्यक्ष वॉरन बफे यांचे २००१ या वर्षाबद्दलचे पत्र.

त्या वर्षी कंपनीची निव्वळ मालमत्ता ३७७ कोटी डॉलरने घटली. प्रति शेअर पुस्तकी मूल्य ६.२ टक्क्यांनी खाली आले. १९६५ पासून कंपनी बफे यांच्या हाती होती आणि तेव्हापासून असे प्रथमच घडले होते. सबबी हाताशी होत्या. अमेरिकेचा शेअर बाजार त्या वर्षी जवळजवळ १२ टक्के पडला होता आणि ११ सप्टेंबरच्या हल्ल्याने जगभरच्या विमा कंपन्यांना फटका बसला होता. बाजाराच्या तुलनेत कंपनी बरी राहिली, हे बफे यांनी लिहिले. पण त्याचबरोबर कंपनीची कामगिरी ठीक असली तरी आपली स्वतःची नव्हती, असेही त्यांनी स्पष्ट नोंदवले.

मुद्दा होता जनरल रे या पुनर्विमा कंपनीचा. बर्कशायरने ती १९९८ मध्ये घेतली होती. पुनर्विमा म्हणजे विमा कंपन्यांनी उतरवलेला विमा. यात प्रीमियम आधी हातात येतो आणि दावे पुढे कित्येक वर्षे येत राहतात. मधल्या काळात हाती राहणाऱ्या पैशाला फ्लोट म्हणतात आणि बफे तो गुंतवत असत. दावे प्रीमियमपेक्षा जास्त निघाले, तर तो तोटा म्हणजे या पैशाचे व्याजच. २००१ मध्ये विमा व्यवसायाचा तोटा ४०७ कोटी डॉलर झाला आणि फ्लोटची किंमत १२.८ टक्क्यांवर गेली. इतक्या महाग पैशावर कोणालाही धंदा परवडत नाही.

या तोट्यातला निम्म्याच्या आसपास वाटा हल्ल्याचा होता. तिथेही बफे यांनी नशिबाला बोल लावला नाही. मोठ्या दहशतवादी हल्ल्याचा धोका आपल्या मनात येऊन गेला होता, पण एकाच घटनेत किती दावे एकत्र कोसळू शकतात यावर आपण मर्यादा घातली नाही आणि त्या जोखमीचा प्रीमियमही घेतला नाही, असे त्यांनी मान्य केले.

उरलेल्या तोट्यातला एक भाग अधिक बोधक आहे, कारण तो कोणत्याही हल्ल्याशिवाय झाला होता. मागील वर्षांच्या दाव्यांसाठी जनरल रेने केलेली तरतूद अपुरी निघाली आणि सुमारे ८० कोटी डॉलर वाढवावे लागले. ही चूक कशी पसरते ते पाहा. समजा दाव्यांवर खरे तर १०० रुपये जाणार आहेत आणि कंपनीचा अंदाज ९० चा आहे. मग ती ९५ ला पॉलिसी विकते आणि ५ रुपये नफा दाखवते. त्या नफ्यावर करही भरला जातो. विक्री वाढेल तसा तोटाही वाढतो, आणि तो अनेक वर्षे दिसत नाही. कमी तरतूद हे आकड्यांच्या वहीतले दुखणे वाटते, पण खरा घाव ती चुकीच्या दराने धंदा करायला लावते तिथे बसतो.

पुढचे काय, हेही पत्रात होते आणि ते तपासता येईल असे होते. जनरल रेची सूत्रे नव्या व्यवस्थापनाकडे गेली होती. फक्त समजणारी जोखीम घ्यायची, एका घटनेने कंपनी हादरेल इतका बोजा साचू द्यायचा नाही आणि अप्रामाणिक ग्राहक टाळायचे, ही शिस्त परत आणायची होती. अमुक वर्षात अमुक नफा, असे वचन मात्र नव्हते. मला ही संयमाची बाजू प्रांजळपणाइतकीच महत्त्वाची वाटते.

पण प्रांजळ अध्यक्षालाही आपल्या घरातले सगळे दिसतेच असे नाही. पुढच्याच वर्षी, २००२ मध्ये, जुन्या दाव्यांपोटी जनरल रेला आणखी १३१ कोटी डॉलर घालावे लागले. दुखणे २००१ मध्ये वाटले होते त्याहून खोल होते आणि बफे यांनी तेही नव्या पत्रात मांडले. २००३ मध्ये जनरल रेने विमा व्यवसायातून १४.५ कोटी डॉलरचा नफा मिळवला.

म्हणून वाईट वर्षाचे निवेदन हाती आले की, मागच्या वर्षीचेही शेजारी उघडावे. तेव्हा सांगितलेले कारण यंदाही तेच आहे का, तेव्हा पुढे ठेवलेला आकडा यंदा गायब आहे का आणि ‘जागतिक परिस्थिती’च्या पलीकडे कंपनीच्या एखाद्या निर्णयाचे नाव घेतले आहे का, एवढे तीन प्रश्न घेऊन सर्वसाधारण सभेत जाता येते.