नातवाने फोन बंद पाडला, त्याची गोष्ट

मावशीच्या जुन्या आयफोनवर तिच्या चार वर्षांच्या नातवाने मन लावून आकडे बडवले. तासाभराने फोन हातात घेतला तर पडद्यावर iPhone is disabled. खाली लिहिलं होतं, पंधरा मिनिटांनी पुन्हा प्रयत्न करा. मावशीने घाईघाईत दोनदा आठवेल तो कोड टाकला आणि फोन पुरता बसला.

त्या फोनचा हिशोब असा : पहिल्या पाच चुका माफ. सहाव्या चुकीला एक मिनिट, सातव्याला पाच, आठव्याला पंधरा, नवव्याला एक तास आणि दहाव्याला संगणकाला जोडा म्हणून आज्ञा. नव्या फोनांत शिक्षा आधी सुरू होते आणि पडद्यावर Unavailable किंवा Security Lockout दिसतं. तोच चुकीचा कोड लागोपाठ टाकला तर तो एकच धरतात. पण लहान मूल दर वेळी नवे आकडे दाबतं. फोन बंद करून चालू केला तर वाट पाहणं वाचत नाही, उलट चालू टप्प्याचं घड्याळ पहिल्यापासून सुरू होतं.

एवढा छळ कशासाठी? एक कोड तपासायला फोनला जेमतेम सेकंदाचा बारावा हिस्सा लागतो. चार आकड्यांचे दहा हजार कोड होतात. थांबावं लागलंच नसतं, तर यंत्राने ते सगळे पंधरा मिनिटांच्या आत तपासले असते. चोराला अडवणारी खरी भिंत ही वाट पाहण्याचीच आहे.

फोनमधला सगळा मजकूर कुलूपबंद लिपीत असतो. तिची किल्ली तुमचा कोड आणि फोनच्या चिपमध्ये कोरलेला एक गुप्त आकडा, या दोघांतून तयार होते. म्हणून ‘अनलॉक करून देतो’ म्हणणारा दुकानदार जुन्या फोटोंपर्यंत पोचत नाही. तो फोन रिकव्हरी मोडमध्ये नेतो, केबलने संगणकाला जोडतो आणि रिस्टोअर करतो, म्हणजे सगळं पुसून प्रणाली नव्याने बसवतो. (हे घरीही जमतं. डाउनलोडला पंधरा मिनिटांहून जास्त लागली तर फोन त्या मोडमधून बाहेर पडतो, पुन्हा न्यायचा.) नवे फोन इंटरनेट असेल तर त्याच पडद्यावरून पुसता येतात, पण ॲपल आयडीचा पासवर्ड मागतात.

पुसल्यावरही सुटका नाही. ‘फाइंड माय’ चालू असेल, तर फोन आधीच्याच मालकाचा ॲपल आयडी आणि पासवर्ड मागतो. मावशीचा पासवर्ड डायरीत होता, हे नशीब.

फोटो परत आले, पण आयक्लाउडवर शेवटचा बॅकअप झाला होता तिथपर्यंतचेच. त्यानंतरचे, भाचीच्या डोहाळजेवणाचे, गेले. तुमचा शेवटचा बॅकअप कधीचा आहे, ते सेटिंग्जमध्ये आपल्या नावावर टिचकी मारून, आयक्लाउडमध्ये आजच बघा.