सातजवळ पीएच का हेलकावतो?

चिंचवड-भोसरी पट्ट्यातल्या प्लेटिंग शॉपना आम्लाचं सांडपाणी सोडण्यापूर्वी त्याचा पीएच 6 ते 9 दरम्यान आणावा लागतो. खरी अडचण सातजवळ येते. तीव्र आम्लामुळे पीएच 2 झालेलं 1000 लिटर पाणी 3 वर न्यायला सुमारे 360 ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो, 3 वरून 4 वर न्यायला 36 ग्रॅम. 6 वरून 8 वर मात्र ते 0.08 ग्रॅममध्येच उडी मारतं! पाण्यातले कार्बोनेट ही उडी सौम्य करतात, पण त्यांचं प्रमाण रोज बदलतं.

त्यामुळे पीएच 3 ला नीट चालणारा कंट्रोलर सातजवळ फार जोरात डोस देतो आणि पीएच वरखाली हेलकावत राहतो. कंट्रोलर मॅन्युअलवर टाकताच हेलकावे थांबले, तर दोष बहुधा ट्यूनिंगचा असतो.

उपाय म्हणजे दोन टाक्या. पहिलीत मोठ्या व्हॉल्व्हने पीएच 4 पर्यंत आणायचा. दुसरीत जोरदार ढवळत, छोट्या डोसिंग पंपाने पातळ कॉस्टिक सोडायचं. तिथे कंट्रोलरचा गेन सातजवळ कमी आणि दूर असताना जास्त ठेवावा. किती, हे आपल्याच सांडपाण्याच्या टायट्रेशनवरून ठरवा, आणि प्लेटिंगचं रसायन बदललं की ते पुन्हा करा.