वर्गशिक्षकांना द्यायची दम्याची चिठ्ठी

‘मुलीला दमा आहे, लक्ष ठेवावे’ एवढं लिहून बरेच पालक मोकळे होतात. ऐन वेळी या ओळीचा बाईंना काहीच उपयोग होत नाही. त्यांना काय बघायचं आणि हातांनी काय करायचं, हे कळायला हवं.

समजा, तिसरीतली मुलगी मैदानावरून वर्गात आली आणि तिचा कोरडा खोकला थांबेना. श्वास सोडताना छातीतून शिट्टीसारखा आवाज येतोय, ती म्हणते, ‘छाती आवळल्यासारखी वाटते.’ पंप द्यायची वेळ हीच. खोकला थांबेल म्हणून वाट पाहू नये.

तिला बसवा, थोडं पुढे झुकू द्या. आडवं मात्र करू नका. पंपावर साल्ब्युटॅमॉल हे नाव वाचून घ्या. हा बहुधा निळा असतो. घरी रोज घ्यायचा स्टिरॉइडचा पंप वेगळा, त्याने झटका लगेच उतरत नाही. टोपण काढून पंप हलवा, स्पेसरला लावा, स्पेसरचं तोंड तिच्या ओठांत घट्ट धरायला सांगा. एकदाच दाबा आणि तिला स्पेसरमधून चार श्वास घेऊ द्या. पुन्हा हलवा, पुन्हा एक फवारा. असे चार फवारे झाले की चार मिनिटं थांबायचं. फरक नसेल तर आणखी चार. बऱ्याच ठिकाणी हीच पद्धत शिकवतात, तरी तुमच्या मुलीसाठीचा आकडा डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या. एकदम दोन-तीन फवारे मारले तर औषध स्पेसरच्या आतच चिकटतं, छातीपर्यंत कमी पोहोचतं. नंतर हात थरथरले, छाती धडधडली तर घाबरू नये. ते या औषधामुळे होतं आणि थोड्या वेळाने थांबतं.

दुसऱ्या चार फवाऱ्यांनीही उतार पडला नाही तर 108 ला फोन करा. वाक्य पुरं बोलता येत नसेल, बरगड्यांमधली किंवा गळ्याखालची कातडी श्वासागणिक आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा ती गुंगल्यासारखी झाली असेल, तर आधीच करा. गाडी येईपर्यंत फवारे त्याच क्रमाने चालू ठेवा. सगळ्यात फसवी खूण म्हणजे शिट्टी अचानक बंद होणं. मूल दमलेलंच असेल आणि छाती शांत झाली असेल, तर हवा आत-बाहेर जाणंच कमी झालेलं असतं. हा उतार समजू नये.

चिठ्ठीत आणखी दोन गोष्टी ठळक लिहा. पंप ऑफिसच्या कुलपात नको, वर्गातच हाताशी हवा. आणि त्रास होत असलेल्या मुलीला पंप आणायला एकटीला पाठवू नये.

पंपाने बरं वाटलं तरी त्याच दिवशी घरी कळवा. या औषधाचा परिणाम चार-सहा तासांत ओसरतो आणि त्रास रात्री पुन्हा उद्भवू शकतो.