गोल बाटलीचं लेबल तपासताना

३० मिलीची सीरमची बाटली घ्या, व्यास ३३ मिमी. परीघ साधारण १०४ मिमी भरतो. स्क्रीनवर हे लेबल सपाट पट्टीसारखं दिसतं, हातात मात्र समोरून निम्माच भाग दिसतो आणि त्याच्याही कडा आक्रसतात. मध्यापासून ६० अंशांवरचं अक्षर निम्म्या रुंदीचं भासतं. म्हणून ब्रँडचं नाव मधल्या ३५ मिमीमध्येच बसायला हवं. प्रिंट काढून बाटलीला गुंडाळा, हातभर अंतरावर धरा. नावाचं पहिलं किंवा शेवटचं अक्षर वळणाआड गेलं, तर मांडणी चुकली.

आता घटकांची यादी. अमेरिकेत विकायचं असेल, तर या मजकुराची उंची किमान १/१६ इंच, म्हणजे सुमारे १.६ मिमी लागते. लेबलसाठी उपलब्ध पृष्ठभाग १२ चौरस इंचांपेक्षा कमी असेल, तर १/३२ इंच चालते. आपल्या बाटलीची सरळ भिंत ५० मिमी उंच धरली, तर क्षेत्रफळ जेमतेम ८ चौरस इंच होतं, सवलत मिळते. मोठ्या बाटलीवर मात्र ६ पॉइंटची कॅपिटल अक्षरं बहुतेक फॉन्टमध्ये दीड मिमीच्या आसपासच भरतात, म्हणजे नापास! पट्टी अक्षरावर ठेवायची, पॉइंटच्या आकड्यावर विसंबायचं नाही.

क्रमही बघा. जास्त प्रमाणातले घटक आधी येतात. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले त्यांच्यानंतर, कोणत्याही क्रमाने. पुढे ‘१०% नियासिनामाइड’ आणि यादीत ते फिनॉक्सीइथेनॉलच्या खाली? हे संरक्षक सहसा एक टक्क्यापर्यंतच वापरतात, तेव्हा दावा किंवा यादी, एक काहीतरी चुकलंय.